बाही पेटली तर हात कुठे ठेवायचे?

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी एका वाचनालयात मुलांना गोष्ट वाचून दाखवत होते. गोष्ट साधी, चित्रांची, दहा-बारा पानांत संपणारी. सोहम नावाचा मुलगा अंगणात फुलबाजी लावतो, ठिणगी बाहीवर पडते, तो पळत सुटतो, आजी ओरडते, "थांब, आडवा हो, लोळ!" तो तसं करतो, आग विझते आणि शेवटच्या पानावर सगळे लाडू खातात. वाचून झाल्यावर बाईंनी मुलांना उभं केलं आणि तिन्ही गोष्टी करून घेतल्या. मुलांनी धपाधप सतरंजीवर अंग टाकलं, दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं आणि एकमेकांवर आदळत, खिदळत लोळली. दुसरीतली एक मुलगी तेवढी लोळली नाही. ती उताणी पडून स्वतःच्या लांब बाह्यांकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "बाई, त्याची बाहीच पेटलीय ना? मग तो पेटलेला हात तोंडावर कसा ठेवायचा?" बाई म्हणाल्या, "हुशार आहेस हं," आणि पुढचं पुस्तक उघडलं.

प्रश्न सतरंजीवरच राहिला.

लहानांसाठी आगीची गोष्ट लिहिणारा बहुतेकदा तीन शब्दांपासून सुरुवात करतो आणि गोष्ट त्यांच्याभोवती गुंडाळतो. तीन शब्द छान तालात बसतात, चित्रं सोपी होतात, पाठ करून घेता येतात. पण त्या मुलीनं जे केलं ते कुणी करत नाही: स्वतः जमिनीवर पडून, पेटलेली बाही नेमकी कुठे आहे आणि हात हलवला की ती कुठे जाईल, हे बघणं. ते केलं तर सोहमची गोष्ट पहिल्या पानापासून वेगळी लिहावी लागते.

सुरुवात ठिणगीपासूनच करू. फुलबाजी म्हणजे लोखंडी तारेवर चढवलेला मसाला. त्यात ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा कीस असतो, आणि ज्या चांदण्या आपल्याला दिसतात ते या धातूचे पेटलेले कण असतात. जळत्या टोकाचं तापमान हजार अंशांच्या वर जातं. तरीही हातावर पडलेली एखादी चांदणी नुसती टोचून विझते, कारण कण इतका बारीक असतो की त्याच्यात तापमान असलं तरी उष्णता फारशी नसते. घट्ट विणीच्या जाड कापडावरही ती बहुतेक वेळा एक तपकिरी ठिपका ठेवून मरते. गोष्टीतला सोहम पेटायचा असेल तर ठिणगीला काहीतरी सोपं सापडायला हवं, आणि दिवाळीच्या झब्ब्यात ते सापडतं. बाहीच्या टोकाला लावलेला गोंडा, झालरीचे सुटे धागे, थंडीसाठी आत घातलेल्या सुती फ्लॅनेलच्या शर्टाची लव. बारीक, सुटं, चहूबाजूंनी हवा लागणारं. तिथे ठिणगी मरत नाही. आधी लालसर कड दिसते, जळक्या चिंधीचा वास येतो, आणि मग हात जरा हलला की त्या कडेतून ज्योत वर येते.

हा वास आणि ती लाल कड गोष्टीत यायला हवी. नुसतं धुमसत असेल आणि पाण्याची बादली हाताच्या अंतरावर असेल, तर हात बादलीत बुडवला की संपलं. लोळायची गरजच नाही. पण बादली चार पावलांवर असेल आणि बाहीवर ज्योत असेल, तर त्या चार पावलांत ज्योत कोपरापर्यंत येऊ शकते. मुलाला सांगायचं ते एवढंच, की जिथे उभा आहेस तिथून हात पोचला तर बादली, नाही पोचला तर जमीन.

खऱ्या अंगणात आणखी एक गोष्ट घडते, जी चित्रात सहसा नसते. मुलं एका फुलबाजीवर दुसरी पेटवतात. उजव्या हातात जळती, डाव्या हातात कोरी, दोन्ही टोकं एकमेकांना भिडवून धरलेली. या वेळी डावी बाही नेमकी उजव्या हातातल्या फुलबाजीखाली लोंबत असते आणि सगळ्या ठिणग्या तिच्यावर पडत असतात. नाहीतर फुलबाजी पणतीवर पेटवायची म्हणून मूल ओणवं होतं, समोरच्या पणतीवर हात नेतं आणि बाही मागच्या पणतीवरून जाते. ठिणगीपेक्षा ही पणती वाईट, कारण ठिणगी क्षणाची असते आणि पणतीची ज्योत तिथे ठाण मांडून बसलेली असते. पण आपल्याला ठिणगीची गोष्ट सांगायची आहे, तेव्हा सोहमच्या डाव्या बाहीचा गोंडा पेटला असं धरू. म्हणजे त्याच्या दोन्ही हातांत या क्षणी एकेक फुलबाजी आहे, उजवी नक्की जळती. तीन शब्दांत न मावलेली पहिली पायरी ही: दोन्ही सोडून द्यायच्या. आणि सोडल्यावर त्या त्याच्याच पायाशी जळत पडणार, म्हणून एक पाऊल बाजूला.

मग 'थांब'.

तिन्हींत अवघड शब्द हाच. बाहीवर ज्योत दिसली की मूल दोनपैकी एक करतं. दुसऱ्या हातानं झटकतं, किंवा पळतं. झटकल्यानं ज्योतीला वारा मिळतो आणि तळवा भाजतो. पळालं तर वारा आणखी मिळतो, आणि शिवाय मूल उभं राहतं. उभं असणं हा पळण्याइतकाच मोठा घोटाळा आहे. ज्योत वर चढते. उभ्या कापडावर ती खालून वरचं कापड तापवत, सुकवत, पेटवत जाते. पडदा खालून पेटवला तर भराभर जातो आणि तोच पडदा जमिनीवर पसरून कडेला पेटवला तर आग रेंगाळते. मनगटापाशी पेटलेली बाही, हात वर उचललेला असेल तर, खांद्याकडे आणि मानेकडे नेणारी शिडी होते. आणि भ्यालेलं मूल हात वरच उचलतं.

ते पळतं कुठे, हेही ठरलेलं असतं. आईकडे. आई त्या वेळी नेसलेली असते ठेवणीतली साडी, पदर मोकळा, बऱ्याचदा कृत्रिम धाग्याचा. मूल येऊन बिलगलं की एका कापडाची दोन कापडं पेटतात. म्हणून गोष्टीत आजीनं हात पसरून "ये बाळा" म्हणायचं नाही. तिनं जागेवरून, खड्या आवाजात, नाव घेऊन ओरडायचं. "सोहम, थांब! आडवा हो!" नाव आधी, कारण दिवाळीच्या अंगणात "थांब, थांब" हे शब्द संध्याकाळभर हवेत असतातच. लवंगी लावताना थांब, भुईनळा पेटेपर्यंत थांब, फराळाला हात लावू नकोस, थांब. नुसत्या 'थांब'ला कुणी दाद देत नाही.

'आडवा हो' हे शब्द आजीच्या तोंडी ज्यानं घातले त्याला दाद द्यायला हवी. पुष्कळ ठिकाणी 'खाली पडा' असं छापलेलं असतं. इंग्रजीत ते चालत असेल, पण मराठी मुलाला पडणं म्हणजे लागणं, गुडघा फुटणं. 'पड' म्हटलं की ते आधी हात टेकायला जागा शोधतं, उकिडवं बसतं, मग विचार करतं. 'आडवा हो' म्हटलं की अंग बरोबर करतं.

तरीही इथे एक अडचण आहे आणि ती आगीची नाही, कपड्यांची आहे. त्या दिवशी सकाळपासून मुलाला एकच गोष्ट बजावलेली असते, नवे कपडे आहेत, खाली बसू नकोस, लोळू नकोस, मळवशील. मराठी घरात 'लोळणं' हा शब्द एरवी कौतुकाचा नाहीच. लोळतं ते आळशी मूल, गडाबडा लोळतं ते हट्टी मूल. आणि आता मोतिया रंगाच्या नव्याकोऱ्या झब्ब्यानिशी, तेल सांडलेल्या, फटाक्यांच्या कागदांनी भरलेल्या फरशीवर लोळ म्हणायचं. बाही पेटलेलं मूल क्षणभर जागच्या जागी उभं राहतं तेव्हा मोठ्यांना वाटतं ते भीतीनं गोठलं. तसं असेलही. पण मोठी माणसं रागावतील या भीतीनं हात पाठीमागे लपवणारी मुलंही असतात, आणि पाठीमागे लपवलेली पेटती बाही पाठीचा झब्बा पेटवते. म्हणून गोष्टीत सकाळचं एक पान हवं. आजी नवा झब्बा अंगावर चढवताना म्हणते, "आज याला डाग लावलास तर बघ." आणि थोड्या वेळानं, गुंड्या लावता लावता: "पण आग दिसली अंगावर, तर याचं पार पोतेरं झालं तरी चालेल. कळलं?" एवढी सूट आधी दिलेली असली की रात्री 'आडवा हो' ऐकू येतं.

आता मुलीचा प्रश्न. आडवं झाल्यावर दोन्ही तळव्यांनी तोंड झाकायचं, हे जगभर शिकवतात आणि त्यामागे नीट कारण आहे. कपडे पोटावर, पाठीवर, मांडीवर पेटलेले असतील तर लोळताना ज्योती अंगाभोवती फिरतात आणि तोंडाजवळून जातात. डोळे, ओठ वाचवायचे असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गरम हवा श्वासावाटे आत जाऊ द्यायची नसते. तळवे तोंडावर आले की कोपरं छातीला लागतात, अंग पिंपासारखं गोल होतं आणि लोळणंही सोपं जातं. हे सगळं खरं आहे, पण यात हात मोकळे आहेत असं धरलेलं आहे. ज्याचा परकर पेटला, ज्याच्या शर्टाची मागची बाजू पेटली, त्याच्यासाठी हा नियम चोख आहे. सोहमचं मनगट पेटलंय. त्यानं नियमाप्रमाणे हात तोंडावर नेले तर गोंडा हनुवटीखाली येतो आणि ज्योत नाकासमोर.

त्या मुलीनं उताणं पडून हेच बघितलं होतं.

उत्तर शोधायला पुस्तक लागत नाही, लाल कागद लागतो. पतंगाचा कागद चालेल. त्याच्या बोटभर लांबीच्या ज्योती कापायच्या आणि चिकटपट्टीनं, फक्त बुडाशी, मुलाच्या कपड्यावर लावायच्या. टोक मोकळं फडफडत राहायला हवं. एक मनगटाशी, एक दंडावर, एक पाठीवर, एक पोटावर. सतरंजीवर लोळून झालं की बघायचं कोणती ज्योत चुरगळली, कोणती तशीच उभी आहे. पोटावरची आणि पाठीवरची पहिल्या वळशातच चपटी होते. दंडावरचीही होते. मनगटावरची मात्र, हात तोंडावर असतील तर, कितीही लोळा, बहुतेक वेळा ताठ राहते, कारण तळवे आणि मनगटं छाती-तोंडाच्या मधल्या पोकळीत असतात आणि जमिनीला लागतच नाहीत. आग विझते ती दाबानं. कापड आणि जमीन यांच्यात हवा उरली नाही की ज्योत जाते. जे जमिनीला लागलं नाही ते विझलं नाही.

मग पेटलेला हात तोंडापासून दूर, खाली, मांडीलगत सरळ करायचा आणि त्याच कुशीवर पहिलं वळण घ्यायचं, म्हणजे अंगाचं सगळं वजन त्या बाहीवर येतं. मोकळा हात तोंडावर. आडवं झाल्यामुळे मांडीशी असलेली ज्योत सरळ वर जाते, तोंडाकडे येत नाही. कागदाची ज्योत लावून हे करून पाहिलं की मनगटावरचा कागद पहिल्या दाबातच चुरगळतो. सात वर्षांच्या मुलाला हे दोन वाक्यांत सांगता येतं: ज्या हाताला आग आहे तो हात खाली, त्याच्यावर झोप. दुसरा तोंडावर.

लोळणं कसं, याचाही एक तपशील निसटतो. मुलांना लोळणं म्हणजे वेग वाटतो, टेकडीवरून गडगडत येण्यासारखा. वेगात लोळलं तर पेटलेली बाजू जमिनीला निसटती लागते आणि पुन्हा हवेत येते, नीट दबत नाही. नवसाचं लोटांगण घालत देवळाभोवती जाणारी माणसं ज्यांनी पाहिली असतील त्यांना योग्य वेग माहीत आहे. सावकाश, पूर्ण कूस बदलत, प्रत्येक बाजूचं वजन जमिनीवर टेकवत. फरक एवढाच की लोटांगण पुढे पुढे जातं आणि इथे पुढे जायचं नाही. एक वळसा इकडे, एक वळसा तिकडे, तिथल्या तिथे, आग दिसेनाशी होईपर्यंत आणि नंतर आणखी एकदा.

पुढे जायचं नाही याचं कारण पुस्तकातल्या चित्रातच होतं. चित्रकारानं अंगण सुरेख काढलं होतं: मधोमध ठिपक्यांची रांगोळी, रांगोळीच्या कडेनं पणत्या, एका कोपऱ्यात मातीचा किल्ला आणि त्यावर मावळे. सोहम लोळत चालला होता थेट रांगोळीकडे. म्हणजे पुढच्या पानावर तो जळत्या पणत्यांवर आणि सांडलेल्या तेलावर जाणार होता. चित्रकाराचा दोष नाही, दिवाळीचं अंगण असंच असतं. पण गोष्ट ज्याला खरी करायची आहे त्यानं एक तर पणत्या कट्ट्यावर नेऊन ठेवाव्यात, नाहीतर सोहमला किल्ल्याच्या बाजूला लोळवावं. किल्ल्याची माती उपयोगाचीच असते. बुरूज ढासळला तर मोरोपंत खाली येतील, एवढंच. बादलीही चित्रात नव्हती. अर्धी पाण्यानं भरलेली एक बादली हवी आणि तीत विझलेल्या फुलबाज्यांच्या तारा बुडवलेल्या दिसायला हव्यात, कारण मसाला संपून काळी पडलेली तार बराच वेळ पोळण्याइतकी गरम असते आणि अनवाणी पाय नेमका तिच्यावरच पडतो.

आजीला गोष्टीत ओरडण्यापलीकडे काम नव्हतं. खरं तर मूल आडवं होऊन लोळायला लागलं की मोठ्या माणसानं हाताशी येईल ते जाड पांघरूण घेऊन धावावं. घरात घोंगडी असेल तर ती सगळ्यांत चांगली. लोकर सहजी पेटत नाही आणि पेटली तरी ज्योत धरून ठेवत नाही. जुन्या सुती साड्यांची जाड गोधडीही चालते. हल्ली घरोघर असतं ते मऊ, गुबगुबीत पॉलिएस्टरचं ब्लँकेट मात्र नको. ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. घोंगडी टाकताना ती मुलाच्या गळ्यापाशी आधी टेकवायची आणि तिथून पायांकडे दाबत न्यायची, म्हणजे ज्योत तोंडापासून लांब ढकलली जाते. पायांकडून वर आणली तर सगळी आग आणि धूर तोंडाशी जमा होतो. तोंड झाकायचं नाही.

कापडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण 'दिवाळीत सुती कपडे घाला' हा सल्ला सगळेच देतात आणि तो अर्धाच आहे. पातळ, घोळदार सुती झब्बा पटकन पेटतो आणि भराभर जळतो. पॉलिएस्टर ठिणगीनं भोक पडून आक्रसतं, पण ज्योत लागली की वितळून गरम डांबरासारखं अंगाला बसतं. दोन्हींचं मिश्रण असलेलं कापड सगळ्यांत लबाड. त्यातलं सूत जळकं का होईना उभं राहतं आणि वितळलेल्या धाग्याला दिव्याच्या वातीसारखं धरून ठेवतं. सल्ला पुरा करायचा तर तो असा: सुती, पण जाड, घट्ट विणीचं, अंगाबरोबर बसणारं, आणि बाहीला गोंडे-झालर नाही. म्हणजे शाळेचा जुना जाड शर्ट. तो दिवाळीच्या रात्री कोण घालणार, हा प्रश्न आहेच. सकाळी पूजेला झब्बा आणि रात्री अंगणात जुना शर्ट, एवढी तडजोड बहुतेक घरांत चालून जाते.

आग विझली की गोष्ट लाडूवर जाते. खरं तर पुढची २० मिनिटं आगीच्या त्या काही क्षणांपेक्षा जास्त ठरवतात. कापडावरची ज्योत गेली तरी कातडीत गेलेली उष्णता तिथेच असते आणि आतल्या आत काम करत राहते. तिला बाहेर काढायला लागतं साधं, गार, वाहतं पाणी, भाजलेल्या जागेवर, सलग २० मिनिटं. बर्फ नको, बर्फानं रक्तवाहिन्या आखडतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला दुसरी इजा होते. नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्या-तांब्यानं ओतत राहायचं. लहान मूल पटकन गारठतं, म्हणून पाणी फक्त हातावर आणि बाकीचं अंग कोरड्या चादरीत. हातात राखीचा दोरा, कडं, घड्याळ असेल तर सुरुवातीलाच काढायचं. थोड्या वेळानं सूज आली की ते निघत नाही आणि आवळतं. बाही हाताला चिकटली असेल तर तेवढी तशीच ठेवून भोवतालची कापायची, ओढायची नाही.

आणि याच २० मिनिटांत चाळीतलं सगळं औषधशास्त्र दारात येतं. शेजारच्या काकू टूथपेस्ट आणतात, कुणी हळद, कुणी तूप, कुणी बटाट्याचा कीस, एखादे आजोबा शाईची दौत. सगळ्यांचा जीव तुटत असतो, हे खरं. पण पेस्ट लावली की उष्णता आत कोंडते, आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते बघायच्या आधी ती खरवडावी लागते. ते खरवडणं मुलाला आगीपेक्षा जास्त आठवतं. गोष्टीत आजीला एक खमकं वाक्य इथे द्यावं: "काकू, पेस्ट राहू द्या. तेवढा नळ चालू धरा." पाणी झालं की धुतलेलं स्वच्छ सुती फडकं सैल गुंडाळायचं आणि डॉक्टरांकडे. मुलाच्या स्वतःच्या बोटांसकट तळव्याएवढं किंवा मोठं भाजलं असेल, किंवा तोंड, हात, सांधे यांवर असेल, किंवा जागा पांढरी पडून दुखतच नसेल, तर थेट मोठ्या रुग्णालयात. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. न दुखणारी पांढरी जागा बघून 'फारसं नाही लागलं' असं म्हणतात, तिथेच फसगत होते. दुखत नाही, कारण आतल्या नसाही भाजलेल्या असतात.

शाळांमधून हे सगळं दाखवतात ते एप्रिलात. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. लाल गाडी येते, फवारा उडतो, मुलांना लोळायला सांगतात. मग सुट्टी लागते. दिवाळी येते तोवर सहा महिने गेलेले असतात आणि मुलांना फवारा तेवढा आठवतो. लोळायची तालीम आणखी एकदा व्हायला हवी ती किल्ल्याची माती आणतात त्या दिवशी, त्याच अंगणात.

त्या तालमीत एक फसवा प्रश्न जरूर विचारावा. "घरात धूर भरला तर काय करशील?" लहान वर्गांत हमखास उत्तर येतं, "आडवं होऊन लोळायचं!" तीन शब्द इतके घट्ट बसतात की आग म्हटली की लोळणं, अशी गाठ पडते. धूर भरलेल्या खोलीत लोळत बसलेलं मूल आतच राहतं. तिथे खाली वाकून, रांगत, दाराबाहेर जायचं आणि परत आत यायचं नाही. लोळायचं ते फक्त अंगावरचा कपडा पेटला तर. चटका बसला, तवा लागला, बोट पोळलं, तर लोळणं नाही, नळ. हा फरक न कळणाऱ्या वयाच्या मुलाला तीन शब्द शिकवण्यापेक्षा काडेपेटी उंचावर ठेवणं बरं.

सोहमचं ते पान पुन्हा लिहायचं तर असं होईल.

"सोहमनं दोन्ही फुलबाज्या सोडून दिल्या. एक पाऊल बाजूला झाला. पाय म्हणत होते, आईकडे पळ. 'सोहम, थांब! आडवा हो!' आजीचा आवाज आला. नवा झब्बा, सोहमला वाटलं. आणि तो आडवा झाला. पेटलेला हात खाली, मांडीशी. दुसरा हात तोंडावर. तो पेटलेल्या हातावर वळला आणि सगळं वजन टाकून पडला. मग इकडे. मग पुन्हा तिकडे. पाठीला किल्ल्याचा बुरूज लागला, तो ढासळला. कानात माती गेली. आजीची घोंगडी गळ्यापासून खाली आली, तिला बकरीचा वास होता. मग ज्योत नव्हती. नुसता जळक्या चिंधीचा वास."

आणि पुढच्या पानावर लाडू नाही, न्हाणीघर. अर्धी बाही कात्रीनं कापलेली, मनगटावर लाल पट्टा, नळाखाली हात. दारात ताई घड्याळ घेऊन उभी.

"ताई, झाली का गं वीस?"

"आठ झाली. हात काढू नकोस."

"लाडू दे ना मग."

"डाव्या हातानं खाशील?"

"डावाच तर नळाखाली आहे," सोहम म्हणाला आणि त्यानं उजवा हात पुढे केला.